मूल इंग्रजीत उत्तर देतं, त्यानंतरचं वाक्य

प्रिय ताई,

मी ठाण्यात चरईला राहते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलगा-सून नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतात, नात सहा वर्षांची आहे. यंदा गणपतीत मी तिकडे असेन म्हणून तिथल्या मराठी मंडळाने मला बीजभाषण करायला सांगितलं आहे. विषय ‘परदेशातल्या मुलांमध्ये मराठी कशी टिकवायची’, वेळ वीस मिनिटं. संतांपासून अभिजात दर्जापर्यंत सगळं घालून मी भाषण लिहिलं आणि सुनेला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, छान आहे. पण हे ऐकून मी मंगळवारी संध्याकाळी घरात वेगळं काय करू?” मला उत्तर देता आलं नाही. खरं तर माझी नातही मला इंग्रजीतच उत्तर देते. मग मी कोणत्या तोंडाने बोलू, आणि काय बोलू?

— एक निवृत्त बाई, चरई, ठाणे

नमस्कार बाई,

सुनेचं ते वाक्य कागदाच्या अगदी वर लिहून ठेवा आणि भाषणातल्या प्रत्येक परिच्छेदाला त्याची परीक्षा द्यायला लावा. अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. पण तो परिच्छेद या परीक्षेत टिकणार नाही. सभागृहातल्या आईवडिलांना मराठीचं मोल माहीत आहे, म्हणून तर ते सुटीच्या दिवशी मुलांना नटवून तिथे आले आहेत. त्यांचं अडतं ते फार छोट्या जागी. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत किंवा डचमध्ये उत्तर देतं, आणि त्यानंतर आईने काय म्हणायचं हे तिला सुचत नाही. तुमची वीसच्या वीस मिनिटं त्या एका वाक्यावर खर्च करा असं मी सांगेन. नात तुम्हाला इंग्रजीत उत्तर देते म्हणून तर हे बोलायला तुम्ही योग्य आहात. हा अनुभव तुम्हाला रोज येतो.

मी स्वतः नऊ वर्षं परदेशात होते. तिथल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकवलं, एक मुलगी वाढवली, आणि आता नेरूळला परत आले आहे. त्या शाळेवर माझा जीव होता, तरी तिचा हिशेब मी तुमच्यापुढे मांडते. दर रविवारी दीड तास, सुट्या वजा जाता वर्षाला साधारण तीस रविवार, म्हणजे पंचेचाळीस तास. घरात रोज अर्धा तास मूल खरोखर मराठीत बोललं तर वर्षाला एकशे ऐंशी तासांच्या वर जातं. शाळेत मुलाला मराठी बोलणारी दुसरी मुलं भेटतात, अक्षरं शिकायला मिळतात, आपण एकटेच नाही हे कळतं. बोलण्याची सवय मात्र तिथे लागत नाही, ती घरातच लागते. हे मंडळाच्या व्यासपीठावरून आदराने पण स्पष्ट सांगा, कारण बरेच पालक मुलाला शाळेत घातलं की काळजी मिटली असं धरून चालतात.

तुम्ही जाणार आहात त्याच्या शेजारचीच एक पाहणी तुम्हाला उपयोगी पडेल. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, फ्लँडर्समध्ये, आनिक दे हाउवर या भाषा-अभ्यासक बाईंनी सुमारे 1,900 कुटुंबांची माहिती तपासली आणि 2007 मध्ये प्रसिद्ध केली. या सगळ्या घरांत निदान एक पालक तरी डचखेरीज दुसरी भाषा बोलत होता. तरीही साधारण चारातलं एक मूल ती भाषा बोलत नव्हतं. म्हणजे घरात भाषा कानावर पडली की ती आपोआप तोंडी येते, हा समज खरा नाही. जिथे आईवडील दोघेही घरची भाषा बोलत होते आणि फार तर एकजण सोबत डच वापरत होता, तिथली जवळपास सगळी मुलं ती भाषा बोलत होती. एक पालक घरची भाषा बोलतो आणि दुसरा डच, अशा घरांत चारातली तीन बोलत होती. सभागृहात डच नवरा किंवा डच बायको असलेली जोडपी असतील, त्यांना हा आकडा आवर्जून सांगा. त्यांना मंडळात बहुधा सहानुभूतीच मिळते. चारातली तीन ही त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे.

आता त्या एका वाक्याकडे येऊ. एलिझाबेथ लान्झा या संशोधिकेने नॉर्वेत वाढणारी, घरात इंग्रजी आणि नॉर्वेजियन ऐकणारी दोन-अडीच वर्षांची मुलं फार बारकाईने ऐकली. मुलाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं की मोठी माणसं पाचांपैकी एक काहीतरी करतात, असं तिने मांडलं. 1990 च्या दशकातलं हे काम आहे, आणि परदेशातल्या आपल्या घरांना ते तंतोतंत लागू पडतं असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सहाव्या वर्षी दात पडतातच, म्हणून मी उदाहरण दाताचं घेते. तुम्ही नातीचा खरा घडलेला प्रसंग घाला.

मूल धावत येतं आणि म्हणतं, “आय लॉस्ट माय टूथ!” पहिली आई म्हणते, “काय झालं? मला नाही कळलं.” आता मुलाला पुन्हा सांगावं लागतं, आणि मराठीत सांगण्याची जागा तयार होते. दुसरी विचारते, “दात पडला तुझा?” मुलाला फक्त ‘हो’ म्हणावं लागतं, पण ते ‘हो’ मराठीतलं असतं आणि शब्द कानावर पडलेले असतात. तिसरी म्हणते, “अगं बाई, दात पडला!” तिने वाक्य मराठीत आणून दिलं, मुलाकडून काही मागितलं नाही. चौथी सरळ पुढे जाते, “मग कुठे ठेवलास तो?” इथे मुलाला एवढंच समजतं की इंग्रजी बोललं तरी चालतं. पाचवी म्हणते, “ओ वाव, व्हेन?” आणि संभाषण इंग्रजीत गेलं. ते त्या दिवशी परत येत नाही.

पहिल्या वाक्यापासून पाचव्यापर्यंत मराठीची मागणी कमी कमी होत जाते. आपण बहुतेक आईवडील दिवसभराच्या दमणुकीनंतर चौथ्यावर आणि पाचव्यावर असतो. त्यात प्रेमाची कमतरता नसते. मुलाचा आनंद अडवायचा नसतो, भाजी गॅसवर असते, आणि आपल्यालाही ऑफिसातून आल्यावर इंग्रजीच जिभेवर असते. हे तुम्ही भाषणात म्हणा, कारण ते ऐकल्यावर समोरची बाई खुर्चीत थोडी सैल बसेल आणि पुढचं ऐकेल.

पहिलं वाक्य सगळ्यात जोरदार असलं तरी आईने ते सारखं वापरू नये. आईला इंग्रजी येतं हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. तीन वर्षांच्या मुलाबरोबर ते चालून जातं, सहा वर्षांच्या मुलाला ते खोटं वाटतं आणि त्याचा राग येतो. पण बाई, तुम्हाला डच येत नाही. नात शाळेतलं काही डचमध्ये सांगायला लागली की तुमचं “मला नाही कळलं, मराठीत सांग ना” हे अगदी खरं असतं. परदेशातल्या घरात आजी-आजोबांची जी ताकद असते ती हीच. इंग्रजीच्या बाबतीत मात्र तुम्हीही सोंग करू नका.

आईसाठी माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याकडे आहे, आणि त्यांना मी एक जोड देते. दोन पर्यायांचा प्रश्न विचारायचा. “दात पडला की ओढून काढलास?” “वरचा की खालचा?” अशा प्रश्नात उत्तराचे शब्द आधीच मुलाच्या हातात ठेवलेले असतात. त्याला ते आठवावे लागत नाहीत, नुसते उचलायचे असतात. “पडला. खालचा.” झाली दोन मराठी उत्तरं, आणि कुणी कुणाला ‘मराठीत बोल’ म्हटलं नाही. ‘मराठीत बोल’ हे वाक्य मी माझ्या वर्गातून हद्दपार केलं होतं. ते ऐकल्यावर मूल सांगायची गोष्ट सोडून देतं आणि आपण परीक्षेला बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात येतं.

हा भाग नुसता सांगू नका, करून दाखवा. सुनेला मूल होऊ द्या, तुम्ही पाचही आया व्हा. कोणत्याही लहान मुलाला मात्र व्यासपीठावर बोलावून ‘म्हण बघू मराठीत’ म्हणू नका. शंभर माणसांसमोर ते अडखळलं तर घरी जाऊन महिनाभर तोंड उघडणार नाही. भाषणाचा हा तुकडा मी साधारण असा लिहीन, तुमच्या आवाजात बदलून घ्या:

“मंडळी, मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. पण माझी नात मला इंग्रजीत उत्तर देते. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग मी तिच्याकडे न बघता स्वतःकडे बघायला लागले. ती इंग्रजीत बोलली की मी काय करते? मी ‘हो का, छान’ म्हणते आणि पुढे जाते. म्हणजे तिला मीच शिकवलं, की आजीशी असंही चालतं. आता मी आणि माझी सून तुम्हाला एकच प्रसंग पाच वेळा करून दाखवणार आहोत. मूल दरवेळी तेच बोलेल. आई दरवेळी वेगळं बोलेल. यातली आपल्या घरातली आई किंवा बाबा कोणते, ते मनातल्या मनात ओळखा. हात वर करायचा नाही.”

यात जोडाक्षरांचे डोंगर नाहीत आणि ‘मातृभाषेचे संवर्धन’ही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सभागृहात दहा-बारा वर्षांची मुलं असतील. त्यांना मराठी कळतं, फक्त ती बोलत नाहीत. त्यांना सगळं समजेल अशा मराठीत बोला. आपल्याला कळतंय हे त्यांना त्या वीस मिनिटांत जाणवलं तर तेवढ्याने त्यांच्यात फरक पडतो.

नंतर चुकांवर या. इथे तुमचा मराठीचा अभ्यास खरा कामी येणार आहे. मराठीत तोंडातल्या तोंडात तीन लिंगं आहेत: दात पडला, जीभ भाजली, नाक वाहिलं. ठाण्यातलं मूल हे हजारो वेळा ऐकून उचलतं. आइंडहोव्हनच्या मुलाच्या कानावर ते त्याच्या काही हिश्शानेच पडतं, म्हणून ते ‘माझी दात पडली’ म्हणतं. तसंच सामान्यरूपाचं: ‘शाळेला’च्या जागी ‘शाळाला’, ‘डोळ्यात’च्या जागी ‘डोळात’. इंग्रजीत ‘वुई’ एकच, म्हणून ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची गल्लत होते. आजोबांचा हात धरून नातू म्हणतो, “आम्ही बागेत जाऊ या.” मराठीत बघायला गेलं तर त्याने आजोबांना वगळलं आहे, आणि हात तर घट्ट धरलेला आहे. या चुका म्हणजे मराठी गेल्याची खूण नाही. मूल नियम बनवून बघतंय याची ती खूण आहे. अशा वेळी आजोबांनी “आपण जाऊ या? चल, आपण जाऊ” एवढंच म्हणावं. बरोबर रूप लगेच, खेळीमेळीत, कानावर पडतं आणि गोष्ट पुढे जाते.

इंग्रजी शब्द आले तर काय, हा प्रश्न हमखास येईल. “मी स्कूलमध्ये पेंटिंग ड्रॉ केलं” हे मराठी वाक्य आहे. क्रियापद मराठी, प्रत्यय मराठी, सांगाडा सगळा मराठी. गोखले रोडवर कुणीही “रिक्षा बुक केली, पण ड्रायव्हरने कॅन्सल केली” असंच बोलतं. सांगाडा जपा, शब्द हळूहळू बदलता येतात. याउलट ज्या मुलाला शंभर मराठी नावं येतात, रंग, फळं, प्राणी सगळं, पण वाक्य एकही जुळवता येत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. मंडळाच्या कार्यक्रमात टाळ्या मात्र त्या शंभर नावांनाच मिळतात.

आणि हसणं. यावर मला थोडं थांबायचं आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही ठाण्यात एका लग्नाला आलो होतो. कार्यालयात जेवणाच्या पंगतीत तिने वराच्या काकांना विचारलं, “तू कुठे बसली होती?” आदरार्थी बहुवचनही चुकलं, लिंगही चुकलं. अख्खी पंगत हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, ते कौतुकाचंच हसू होतं. कुणीतरी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि पुन्हा हसले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती नातेवाइकांशी मराठीत एक अक्षर बोलली नाही. माझ्याशी बोलायची, तेही दार लावून. मी तेव्हा त्या हसण्यात सामील होते, आणि ते मला अजून टोचतं. हा प्रसंग भाषणात माझ्या नावाशिवाय खुशाल सांगा. आजी-आजोबा आणि भारतातले काका-मामा व्हिडिओ कॉलवर हेच करतात, आणि त्यांना ते कुणी सांगत नाही.

व्हिडिओ कॉलचा विषय तुमच्याइतका अधिकाराने त्या सभागृहात दुसरं कुणी मांडू शकणार नाही. पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा येऊन बसली, खेळली, गोष्टी वाचल्या. ती बाळं चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तेच दृश्य ज्यांना पडद्यावर दाखवलं ती शिकली नाहीत. म्हणून मराठी बालगीतांची चित्रफीत लावून दिली की काम झालं असं होत नाही. पण 2014 च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदं शिकली. कारण पलीकडचं माणूस त्यांच्याकडे बघून, त्यांच्या बोलण्याला धरून उत्तर देत होतं. पडदा तोच असतो, फरक आपल्याला उत्तर मिळतं की नाही याने पडतो. तुमच्या हातातला फोन या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आता एक घर तपशीलवार सांगते. सीवूड्सला आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. त्यांचा सात वर्षांचा नातू परदेशात. कॉल रविवारी, चाळीस मिनिटं, त्यातली अडतीस मुलगा-सुनेशी. नातवाच्या वाट्याला ठरलेले प्रश्न: जेवलास का, शाळा कशी चालली, अभ्यास करतोस ना. उत्तरं “हो”, “गुड”, “हो”. मग फोन आईकडे. हे प्रश्न असे आहेत की मराठीच्या प्राध्यापकालाही त्यांना वाक्यात उत्तर द्यावंसं वाटणार नाही.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. कॉल आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांचा, आणि फक्त नातवाशी. आईबाबा त्या खोलीत थांबायचे नाहीत, कारण ते मागून “मराठीत सांग ना आजोबांना” असं कुजबुजायचे आणि मुलगा गप्प व्हायचा. आणि प्रत्येक कॉलला एकच खेळ. आजोबा स्वयंपाकघरातली एक वस्तू कापडी पिशवीत लपवणार, नातवाने प्रश्न विचारून ती ओळखायची. किसणी, झारा, सांडशी, पळी, लाटणं, रवी.

पहिले तीन आठवडे नातू इंग्रजीत विचारायचा, “इज इट राउंड?” आजोबा म्हणायचे, “गोल आहे का? हो, गोल आहे.” तो विचारायचा, “इज इट हेवी?” आजोबा म्हणायचे, “जड आहे का? नाही, हलकी आहे.” न टोकता, न थांबता. या खेळाची खुबी अशी की प्रश्नाचा साचा बदलत नाही: अमुक आहे का, तमुक आहे का. पाचव्या आठवड्यात तो स्वतःहून म्हणाला, “लाँग आहे का?” आजोबांनी मला रात्री फोन केला, इतका आनंद झाला होता. ‘लाँग’ इंग्रजी होतं, पण साचा आला होता. दोन आठवड्यांनी ‘लांब’ही आलं. मग उलटं केलं. वस्तू नातवाने लपवायची, आजोबांनी ओळखायची. आता त्याला स्वतःच्या घरातल्या वस्तूंची मराठी नावं लागायला लागली, आणि तो कॉलच्या आधी आईला विचारायला जाऊ लागला. म्हणजे मराठी कॉलमधून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली. हे आम्ही ठरवलं नव्हतं.

सगळं सरळ गेलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीत सहा आठवडे कॉल बंद पडला आणि परत सुरू झाला तेव्हा गाडी मागे गेलेली होती. पिशवीच्या खेळाचा पाचव्या महिन्यात कंटाळा आला. तेव्हा आजोबा संध्याकाळी फोन घेऊन खाडीकडे जाऊ लागले आणि रोहित पक्षी दाखवू लागले: किती आहेत, कोण उडालं, एक पाय का वर धरतो. सात-आठ महिन्यांनी नातू वाक्यांत बोलायला लागला. लिंग अजून चुकतं, शाळेतलं विज्ञान त्याला मराठीत सांगता येत नाही, देवनागरी वाचता येत नाही. धाकट्या बहिणीशी तो इंग्रजीतच बोलतो आणि ती मराठी आणखी कमी बोलते. धाकट्या मुलांचं असं बहुतेक घरांत होतं, कारण मोठं भावंड शाळेची भाषा घरात घेऊन येतं. नेदरलँड्समध्ये मुलं चार वर्षांची झाली की शाळेत जायला लागतात, तेव्हा ज्या पालकांची मुलं अजून तीनची आहेत त्यांना सांगा की पुढचं वर्ष त्यांच्या हातात आहे, ते जाऊ देऊ नका.

प्रगती होते आहे की नाही हे कळायला मी पालकांना एक साधी मोजणी सांगते. महिन्यातून एकदा, एखाद्या जेवणाच्या वेळी, दहा मिनिटांत मुलाने तीन किंवा जास्त शब्दांची मराठी वाक्यं किती बोलली ते मनात मोजा. इंग्रजी शब्द आत असले तरी चालतील. मुलाला सांगू नका. पहिल्या महिन्यात दोन असतील तर सहाव्यात आठ-दहा व्हायला हवीत. न झाल्यास दोष मुलात शोधण्याआधी बघा, आपण अजून चौथ्या आणि पाचव्या वाक्यावर आहोत का. आणखी एक खूण आकड्यात येत नाही: मूल मराठीत भांडायला लागतं. “नाही, मी आधी घेतलं होतं!” हे ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी भांडण मिटवण्याची घाई करू नका.

आता कागदाचं. सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास मराठी शब्द होतात. तुम्हाला वीस मिनिटं दिली आहेत, म्हणून सोळाशे शब्द लिहा. उरलेली चार मिनिटं त्या पाच आयांच्या प्रवेशात जातील, कारण लोक बोलतील, एकमेकांना कोपर मारतील. सत्काराचे आणि आभाराचे शब्द दोन वाक्यांत संपवा. सुरुवात दाताने करा, फ्लँडर्सची पाहणी मध्ये आणा, पंगतीचा प्रसंग त्यानंतर. शेवटी प्रत्येक घराला एकच काम द्या: उद्यापासून एक ठरलेली वेळ, आंघोळीची किंवा झोपण्याआधीची पंधरा मिनिटं, जेव्हा घरातलं मराठी माणूस दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यावर राहील. दिवसभर नको. दिवसभराचा संकल्प मंगळवारपर्यंतही टिकत नाही. घड्याळ लावून सुनेसमोर दोनदा मोठ्याने वाचा आणि ज्या वाक्याला तुमचा श्वास अडखळेल त्याचे दोन तुकडे करा.

भाषण संपल्यावर एखादी आई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन तुमच्याकडे येईल, आणि म्हणेल की याला सगळं कळतं पण हा बोलत नाही, आता काही होईल का. तिला पाच वाक्यांपैकी एकही सांगू नका. आईशी चौदा वर्षं इंग्रजीत बोललेल्या मुलाला त्याच माणसाशी भाषा बदलणं फार अवघडल्यासारखं होतं. त्याला नवं माणूस लागतं, ज्याच्याशी त्याचं पहिलं वाक्यच मराठीत झालं. ठाण्यातला एखादा मावसभाऊ, ज्याच्याबरोबर तो ऑनलाइन खेळेल आणि सुटीत तलावपाळीवर भटकेल. आणि त्या आईला हेही सांगा की तिचं चौदा वर्षांचं बोलणं वाया गेलेलं नाही. लहानपणी स्पॅनिश नुसती कानावर पडलेल्या तरुणांचा 2002 मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. ती भाषा मोठेपणी शिकताना त्यांचे उच्चार बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा मूळ भाषकांच्या जास्त जवळचे होते. मुलाला हळूच ‘काळा बाळ’ म्हणायला सांगा, पण एकटं असताना. त्याचा ‘ळ’ नीट आला तर आईकडे बघा, तिला न सांगता कळेल.